घोट्यावरचा तपकिरी डाग नायटा नसतो

मंडळी, इथं बसलेल्यातले निम्मे तरी यंत्रमागावर काम केलेले असणार, म्हणून आज फक्त घोट्याबद्दलच बोलतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर दहा-बारा तास उभं राहणारे एक काका माझ्याकडे आले, डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या वर तळहाताएवढा तपकिरी पट्टा, रात्री खाज एवढी की झोप नाही. काका म्हणाले, डॉक्टर, नायटा आहे, वर्ष झालं मलम लावतोय.

नायटा नव्हता तो. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आपण चालतो तेव्हा ते शिरा दाबतात, आणि शिरेतल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. झडपा बिघडल्या आणि माणूस एकाच जागी उभा राहिला की रक्त घोट्यापाशी साचतं, दाब वाढतो, बारीक नळ्यांतून लाल पेशी बाहेर झिरपतात आणि त्यातलं लोह कातडीत बसतं. तो डाग म्हणजे गंजच समजा, वरून घासून कसा जाणार? उलट मेडिकलमधून विचारून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमानं आधीच नाजूक झालेली कातडी अजून पातळ होते, आणि या पायाला मलमांची अ‍ॅलर्जीही लवकर येते.

काकांच्या त्याच पट्ट्यात एक जागा पांढरट, चकचकीत झालेली, आजूबाजूची कातडी लाकडासारखी कडक, आणि कडेला खाजवल्याची खपली, तिच्यातून पाणी झिरपत होतं. तीन आठवडे झाले तरी ती बसेना. अल्सर, म्हणजे लवकर न भरणारी जखम, असाच सुरू होतो हो, मोठं भोक पडायची वाट बघू नका, दोन आठवड्यांत खपली भरली नाही की दाखवा.

मी आधी पावलावरची नाडी बघितली, मग घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून तुलना केली. हे का, तर यावर खरा उपाय दाबाचा पट्टा किंवा मोजे, पण धमनीच अरुंद असेल, शुगरवाल्यांत आणि बिडी-सिगारेटवाल्यांत असते, तर घट्ट पट्ट्यानं पाय काळा पडू शकतो. म्हणून दुकानातून स्वतःच मोजे आणू नका, एवढं माझं ऐकाच. काकांच्या घोट्याच्या बीपीचं दंडाच्या बीपीशी प्रमाण ०.८ च्या वर, १ च्या जवळ निघालं, म्हणजे पट्टा चालणार होता. मग उभं करून शिरांचं डॉप्लर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, केलं, झडपा गळत होत्या.

जखम असेपर्यंत थरांचा पट्टा, भरल्यावर मोजे, सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी घालायचे, कारण उतरलं की सूज भरते. सोलापूरच्या मे महिन्यात मोजे नको वाटतात, मान्य, पण उन्हाळ्यातच शिरा जास्त फुगतात. मधल्या सुट्टीत पाय छातीच्या वर ठेवायचे आणि मागासमोर टाचा वर-खाली करत राहायच्या.

तीन महिन्यांत जखम भरली, खाज गेली. शिरेवर पुढं लेझर केलं. डाग मात्र आहे तसाच आहे, तो बराचसा राहणारच, आणि मोजे काका अजून घालतात.