दीर्घ खेळ आणि फोनची बॅटरी

मित्रहो, मोबाइलवर दोन-तीन तास सलग खेळणाऱ्या मुलांची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे बॅटरी टिकत नाही. म्हणून आज प्रथम फोन नेमकी किती वीज खातो याचा हिशेब करू, कारण सेटिंगविषयीचे सर्व निर्णय त्या एका आकड्यावर अवलंबून असतात.

फोनवर लिहिलेल्या ५००० मिलिअँपिअर-तासांना बॅटरीच्या सरासरी दाबाने, म्हणजे सुमारे ३.८५ व्होल्टने, गुणले की साधारण १९ वॉट-तास इतकी साठवण निघते. आता समजा, ९० फ्रेमवर अर्धा तास खेळल्यावर चार्ज १३ टक्क्यांनी उतरला. म्हणजे तासाला २६ टक्के, अर्थात सुमारे ५ वॉट. त्याच खेळात, तितकाच उजेड ठेवून आणि त्याच वाय-फायवर, फ्रेमची मर्यादा ६० केली आणि अर्ध्या तासात ९ टक्के उतरले, तर खर्च साडेतीन वॉटवर आला. शंभरावरून दहा टक्क्यांपर्यंत येण्यास पहिल्या स्थितीत साडेतीन तासांहून किंचित कमी वेळ लागेल, तर दुसऱ्या स्थितीत पाच तास. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या फोनचे आकडे घड्याळ लावून आपणच काढावेत.

येथे पॉवर मोडचा प्रश्न येतो. बॅटरी सेव्हर चालू केला की काम झाले, असे अनेकांना वाटते. सॅमसंगच्या फोनांत या मोडमध्ये Limit CPU speed to 70% असा पर्याय दिसतो. मी तो खेळताना बंद ठेवण्याचा सल्ला देतो. कारण असे की, खेळाने सेकंदाला ९० चित्रे मागायची आणि प्रोसेसरला मात्र वेगाची मुभा द्यायची नाही, यातून चित्रे कधी वेळेवर तर कधी उशिरा येतात आणि नेमक्या झुंजीच्या क्षणी पडदा अडखळतो. त्याऐवजी खेळाच्याच सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा आणि ग्राफिक्सची पातळी खाली आणली, तर मागणीच घटते, वीज वाचते आणि चित्रांची लय एकसारखी राहते. पडद्याचा उजेड स्वयंचलित न ठेवता डोळ्यांना पुरेल इतकाच हाताने ठरवावा, आणि सिग्नल अशक्त असेल तेथे मोबाइल डेटाऐवजी वाय-फाय घ्यावे, कारण दूरच्या टॉवरशी बोलताना फोनला जास्त जोर लावावा लागतो.

आता चार्जिंग लावून खेळण्याकडे वळू. खरी हानी येथेच होते. प्रोसेसरची उष्णता आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीची उष्णता एकाच बंद कवचात साठते. लिथियम-आयन बॅटरी तापलेली आणि जवळजवळ पूर्ण भरलेली, अशा दोन्ही अवस्थांत एकदम राहिली की तिची क्षमता वेगाने घटते. मे महिन्यातल्या विदर्भातील खोलीत, जाड कव्हरसह, गादीवर ठेवलेल्या फोनची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करा. फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी चार्जिंग मंद करतो, मग पडद्याचा उजेड उतरवतो आणि प्रोसेसरचा वेग कमी करतो. खेळाडूला वाटते की नेटवर्क खराब आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: पिंगचा आकडा स्थिर असूनही फ्रेम घसरत असतील आणि फोनची पाठ कढत लागत असेल, तर दोष उष्णतेचा आहे.

यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे बायपास चार्जिंग. यात चार्जरची वीज बॅटरीत न भरता थेट फोन चालवण्यासाठी वापरली जाते. सॅमसंगच्या अनेक गॅलेक्सी फोनांत गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये Pause USB Power Delivery या नावाने ही सोय मिळते. तिच्यासाठी यूएसबी पॉवर डिलिव्हरी जाणणारा चार्जर हवा आणि बॅटरीत २० टक्क्यांहून अधिक चार्ज हवा. असूसच्या आरओजी फोनांतही अशी सोय आहे. ती खरोखर चालू आहे का, हे पाहण्यासाठी पंधरा मिनिटे खेळावे. टक्केवारी जागच्या जागी राहिली पाहिजे आणि फोन बॅटरीवर खेळताना जितका तापतो तितकाच तापला पाहिजे.

ज्यांच्या फोनात ही सोय नाही त्यांनी खेळण्यापूर्वी फोन ८० टक्क्यांपर्यंत भरून घ्यावा आणि वायर काढून बसावे. चार्ज लावणे अटळच असेल, तर सेटिंगमधून जलद चार्जिंग बंद करावे किंवा जुना १० वॉटचा चार्जर वापरावा. फोन ५ वॉट खात असताना उरलेली वीज सावकाश भरत राहते आणि उष्णता आटोक्यात राहते. कव्हर काढावे, फोन मोकळ्या हवेत धरावा. बिनतारी चार्जिंगवर ठेवून मात्र खेळू नये, कारण त्यात बरीच वीज उष्णता होऊन थेट फोनच्या पाठीत मुरते.