जिनिंगमधली कुजबुज आणि चार पानांचं वार्तापत्र

नमस्कार श्रोतेहो. संस्थेच्या आत बातमी कशी फिरते आणि संस्थेनं छापलेलं वार्तापत्र तिच्या मागे का पडतं, हे आज आपण एका जिनिंगच्या उदाहरणातून बघू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं आणि कामं मात्र आपल्या भागातल्या कुठल्याही जिनिंगमध्ये दिसतात तशीच आहेत.

तालुक्याच्या गावाबाहेर एक जिनिंग-प्रेसिंग आहे. हंगामात तिथं ९० माणसं असतात. त्यांतल्या ३० रेजा, म्हणजे ढिगावरचा कापूस टोपल्यांत भरून जिनांपर्यंत नेणाऱ्या बाया. बाकी हमाल, फिटर, ग्रेडर, वजनकाट्यावरचा माणूस, प्रेसवाले आणि ऑफिसातले चौघं. मालक दर महिन्याला चार पानांचं वार्तापत्र काढतात. मजकूर २० तारखेला छापखान्यात जातो आणि अंक पुढच्या ५ तारखेला हातात पडतो. त्यात सणाच्या शुभेच्छा, किती गाठी बांधल्या तो आकडा आणि पाहुण्यांच्या भेटीचे फोटो असतात.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी बाहेरगावचे इंजिनिअर येतात आणि ढिगापासून जिनांपर्यंतचं अंतर टेपनं मोजतात. पंख्यानं ओढून पाइपातून कापूस नेण्याची यंत्रणा बसवायला किती खर्च येईल, एवढंच मालकांनी विचारलेलं असतं. निर्णय झालेला नसतो. फिटर सहज विचारतो, तेव्हा इंजिनिअर म्हणतात, ही बसलीच तर कापूस वाहायला बाराएक बाया कमी लागतील. दुपारच्या चहाला हे वाक्य वजनकाट्याच्या खोलीत पोचतं. गुरुवारी संध्याकाळी गावाकडे निघालेल्या ऑटोत त्याचं रूप असं झालेलं असतं : "सक्रांतीनंतर साऱ्या बायाईले घरी बसवणार हायेत म्हंते."

हा बदल कुणी मुद्दाम केलेला नसतो. आलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अफवेचा अभ्यास १९४७ साली पुस्तकरूपानं मांडला. तोंडोतोंडी जाताना बातमीचे बारीक तपशील गळतात, उरलेला भाग ठळक होतो आणि तो ऐकणाऱ्याच्या आधीच्या समजुतीत बसवला जातो, असं त्यांनी दाखवलं. इथं "बसलीच तर" हा शब्द पहिल्यांदा गळला. मग बाराच्या ठिकाणी "साऱ्या" आलं. संक्रांतीचा उल्लेख तर कुणीच केला नव्हता, पण त्या सुमारास कामाला खंड पडल्याची जुनी आठवण होती, म्हणून ती तारीख आपोआप चिकटली.

त्याच दोघांनी अफवेच्या जोराचं एक सूत्र दिलं : विषयाचं महत्त्व गुणिले त्यातली संदिग्धता. गुणाकार आहे हे लक्षात घ्या. दोन्हींपैकी एक शून्यावर आलं की जोर संपतो. रोजीचं महत्त्व मालकाला कमी करता येत नाही, आणि ते करूही नये. त्यांच्या हातात फक्त संदिग्धता आहे, आणि वार्तापत्र तिला हात लावत नाही. मंगळवारी मोजमाप झालं ते साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी पुढच्या अंकात त्यावर एक ओळ नाही. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे काहीतरी लपवणं, असाच अर्थ लोक काढतात.

अशा वेळी बरेच व्यवस्थापक अफवा कुणी पसरवली ते शोधायला निघतात. मला हा सगळ्यांत मोठा घोटाळा वाटतो. शोधायचा तो रस्ता, माणूस नव्हे. व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी १९५३ साली संस्थेतल्या कुजबुजीवर एक लेख लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या कंपनीत एक अधिकारी नोकरी सोडणार ही बातमी ८१ टक्के अधिकाऱ्यांना कळली होती, पण पुढे सांगणारे होते अवघे ११ टक्के. म्हणजे बहुतेक लोक ऐकतात आणि गप्प राहतात. मोजकी माणसं घोळक्यांना सांगतात.

ही माणसं कळण्यासाठी डेव्हिसची रीत सोपी आहे. एक खरी, निरुपद्रवी बातमी घ्यायची, उदाहरणार्थ पगाराची वेळ सकाळऐवजी दुपारची होणार. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला बिननावाची चिठ्ठी द्यायची. हे तुम्हाला ठाऊक होतं का? कुठं कळलं? किती वाजता? कोणत्या कामावरच्या माणसाकडून? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी त्यांच्या विश्वासातल्या बाईनं बोलावं, ऑफिसच्या माणसानं नाही. आपल्या जिनिंगमध्ये चिठ्ठ्यांतून तीन ठिकाणं वर येतात : वजनकाट्याची खोली, फिटरचं टेबल आणि रेजांच्या मुकादमीणबाई. ऑफिसातल्या चौघांपैकी कुणाचंच नाव येत नाही. वार्तापत्र मात्र त्याच ऑफिसातून वाटलं जातं.

आता शुक्रवारी सकाळी काय करायचं? अंकाची वाट बघायची नाही. छापखान्याच्या पंधरा दिवसांच्या खेपेत दोन दिवसांची अफवा गाठता येत नाही. एका पानाची सूचना लिहायची. तिच्यात चार गोष्टी याव्यात : काय घडलं, काय ठरलेलं नाही, कधी ठरेल आणि विचारायचं कुणाला. मजकूर असा :

"मंगळवारी इंजिनिअर कापूस नेणाऱ्या पाइपाचं माप घ्यायला आले होते. आपण फक्त खर्च विचारला आहे. पाइप घ्यायचा की नाही हे ठरलेलं नाही. १० जानेवारीला ठरेल आणि त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना सांगू. पाइप घेतला तर कापूस वाहायला सुमारे १२ जणी कमी लागतील. त्यांना दुसरं काम देता येईल का, हेही तेव्हाच सांगू. या हंगामात कुणालाही कमी करणार नाही. काही विचारायचं असल्यास मुकादमीणबाईंना किंवा थेट मालकांना विचारा."

शेवटून दुसरं वाक्य मालकांना खरोखर पाळता येणार असेल तरच लिहायचं. नसेल तर ते गाळायचं. बाराचा आकडा मात्र लपवू नये. तो फिटरला ठाऊक आहे, आणि कागदावर नसला तर सारा कागदच खोटा ठरतो. "अफवांवर विश्वास ठेवू नका" असंही लिहू नये. ज्यांनी अफवा ऐकली नव्हती त्यांनाही त्यातून ती कळते, आणि ज्यांनी ऐकली होती त्यांना उत्तर मिळत नाही.

कागद भिंतीवर लावण्याआधी अर्धा तास मुकादमीणबाई, फिटर आणि काट्यावरचा भाऊ यांना बसवून वाचून दाखवायचा आणि त्यांच्या शंका ऐकायच्या. पुढे लोक त्यांनाच विचारणार आहेत. मग सुट्टीत मोठ्यानं वाचन, साध्या बोलीत. त्यांच्या तोंडून सोयीच्या अर्धवट बातम्या पेरण्याचा मोह काही मालकांना होतो. एकदा ते उघडं पडलं की त्या तिघांची पत जाते, आणि मालकाकडे दुसरा रस्ता उरत नाही.

सूचना लोकांपर्यंत पोचली की नाही हे दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या कामांवरच्या पाच जणांना एकच प्रश्न विचारून कळतं : "पाइपाचं काय ठरलं?" चौघांनी "१० जानेवारीला ठरणार" असं सांगितलं तर संदेश पोचला. "साऱ्या जाणार" असं दोघं जरी म्हणाले, तर कुठलं वाक्य अडतंय ते बघून ते बदलायचं.

वार्तापत्राचं काम यानंतर सुरू होतं, ते वेगाचं नाही. पहिल्या पानावरचे फोटो मागे न्यावेत आणि तिथं "मागच्या महिन्यात विचारलेलं" असं कायमचं सदर द्यावं. प्रश्न मुकादमीणबाईंच्या वहीतून यावेत. बोनस कुणाला, हा प्रश्न दरवर्षी येतोच. हिशेबाच्या वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला, हंगामी असला तरी, बोनस मिळतो आणि तो किमान ८.३३ टक्के असतो. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत तो द्यायचा असतो. हे सप्टेंबरच्या अंकात छापलं तर नोव्हेंबरमधली कुजबुज सुरूच होत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही, त्याच्यापुढे उत्तराची तारीख छापावी. ती तारीख चुकली तर पुढच्या अंकात पहिल्याच ओळीत कारण आणि नवी तारीख द्यावी.