मसुदा मराठी, ईमेल इंग्रजी: प्रवेश वर्षभर पुढे नेण्याच्या विनंतीचे भाषांतर

मित्रहो, आजच्या विषयासाठी मी एकच पत्र घेऊन आलो आहे. गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने ते मला दाखवले. ब्रिटनमधील एका विद्यापीठात सप्टेंबर 2025 पासून सुरू होणाऱ्या एमएस्सी अभ्यासक्रमासाठी तिला विनाअट प्रवेश मिळाला होता आणि जागा राखण्यासाठीची अनामत रक्कमही तिने भरली होती. जूनच्या अखेरीस तिच्या वडिलांवर हृदयशस्त्रक्रिया झाली. घरात सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. आपले म्हणणे तिने आधी मराठीत लिहून काढले. मनातली गोष्ट मनाच्या भाषेत आधी उतरवणे मला योग्यच वाटते. अडचण सुरू होते ती त्यानंतर.

तिचा मसुदा असा होता: ‘महोदय, सविनय नमस्कार. मी खाली सही करणारी अर्जदार आपणांस विनंतीपूर्वक कळवू इच्छिते की, माझ्या वडिलांची तब्येत अचानक बिघडल्याकारणाने व त्यांचे मोठे ऑपरेशन झाले असल्याने आणि घरी माझ्याशिवाय कोणीही नसल्यामुळे मी यंदा येऊ शकत नाही. तरी माझा यंदाचा प्रवेश रद्द करून तो मला पुढच्या वर्षी देण्यात यावा. मी भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, ही कळकळीची विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. आपली विश्वासू.’

मराठी अर्ज म्हणून यात वावगे काही नाही. पण ‘प्रवेश रद्द करून’ हे तीन शब्द तसेच इंग्रजीत गेले असते, तर फार मोठे नुकसान झाले असते. आपल्या बोलण्यात ‘रद्द करून पुढच्या वर्षी द्या’ ही एकच सलग क्रिया असते. प्रवेश कार्यालयाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कॅन्सल’ किंवा ‘विथड्रॉ’ हा शब्द वाचला की कर्मचारी जागा सोडल्याची नोंद करू शकतो, आणि मग पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करण्याची वेळ येते. शब्दकोशाचा आधार घेऊन ‘मुदतवाढ’ म्हणावे, तर ‘एक्स्टेंशन’ होते. त्याचा अर्थ तिथे होकार कळवण्याची किंवा शुल्क भरण्याची मुदत काही दिवसांनी वाढवणे असा घेतला जातो. हातातला प्रवेश कायम ठेवून सुरुवातीची तारीख पुढे नेणे, यासाठी कार्यालयाचा शब्द ‘डिफरल’ आहे, आणि त्याचे क्रियापद ‘डिफर’. भाषांतरकाराने आधी तो शब्द विद्यापीठाच्या प्रवेशविषयक नियमांत शोधावा, कारण काही अभ्यासक्रमांना ही सवलतच नसते, आणि तसे असेल तर विनंतीचे स्वरूपच बदलावे लागते.

‘यंदा’ आणि ‘पुढच्या वर्षी’ हे शब्दही असेच तपासावे लागतात. जुलैमध्ये लिहिलेले ‘पुढचे वर्ष’ म्हणजे जानेवारी 2026 मध्ये सुरू होणारी तुकडी की सप्टेंबर 2026 ची? अनेक ब्रिटिश विद्यापीठांत दोन्ही असतात. म्हणून आम्ही दोन्ही महिने वर्षांसह लिहिले: सप्टेंबर 2025 ऐवजी सप्टेंबर 2026. तारीख लिहितानाही महिना अक्षरांत लिहावा. 05/09 हा आकडा ब्रिटनमध्ये 5 सप्टेंबर होतो आणि अमेरिकेत 9 मे.

आता आदराविषयी, कारण विद्यार्थ्यांची सर्वाधिक ओढाताण इथे होते. मराठीत आदर क्रियापदात आणि सर्वनामात राहतो: ‘आपण’, ‘देण्यात यावा’, ‘कृपा व्हावी’. इंग्रजीत ती जागाच नाही. मग विद्यार्थी तो आदर विशेषणांतून भरून काढू पाहतात: ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’, ‘आय हम्बली रिक्वेस्ट’, ‘काइंडली डू द नीडफुल’. यातले ‘काइंडली’ विशेष फसवे आहे. आपल्याला ते ‘कृपया’सारखे मऊ वाटते, पण ब्रिटिश वाचकाच्या कानाला ते पुष्कळदा वरून दिलेल्या सूचनेसारखे लागते. इंग्रजीतला आदर निर्णय त्यांच्या हाती ठेवण्यात आहे आणि ‘वुड’, ‘कुड’, ‘वेदर’ अशा छोट्या शब्दांत तो बसतो. ‘देण्यात यावा’ याचे आम्ही असे केले: ‘आय अॅम रायटिंग टु आस्क वेदर आय कुड डिफर माय प्लेस’. मला वाटते, ‘यावा’मधला नम्र विध्यर्थ या ‘वेदर… कुड’मध्ये जवळजवळ पूर्ण उतरतो.

दुसरा आदर क्रमात आहे. आपला अर्ज कारणांची पायरी चढत शेवटी विनंतीपाशी येतो, कारण आधीच मागणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. शेकडो ईमेल वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यात काम कळायला हवे असते. म्हणून शेवटचे वाक्य आम्ही पहिले केले आणि ‘कारणाने, असल्याने, नसल्यामुळे’ असे जोडलेले लांब वाक्य तीन लहान वाक्यांत सोडवले. ‘तब्येत अचानक बिघडली’ आणि ‘मोठे ऑपरेशन’ यांऐवजी शस्त्रक्रियेचा प्रकार, महिना, डॉक्टरांनी सांगितलेला विश्रांतीचा काळ आणि ‘घरी त्यांची देखभाल करणारी मी एकटीच आहे’ एवढे लिहिले. दुःख कमी दाखवल्यासारखे तिला वाटले. मी तिला सांगितले की रुग्णालयाचा कागद सोबत जोडला आहे, आणि त्या कागदाचे वजन कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक आहे. तो कागद मराठीत असता, तर त्याचे प्रमाणित भाषांतरही जोडावे लागले असते.

आपल्या जुन्या अर्जाच्या दोन ओळी मात्र जशाच्या तशा उपयोगी पडल्या: ‘विषय’ आणि ‘संदर्भ’. ईमेलच्या विषयाच्या ओळीत ‘डिफरल रिक्वेस्ट’, अभ्यासक्रमाचे नाव, जुना व नवा महिना आणि अर्ज क्रमांक एवढे बसवले. ‘मी खाली सही करणारी’ हे वाक्य त्यामुळे आपोआप अनावश्यक झाले.

‘पैसे वाया जाऊ नयेत’ या ओळीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. ती तशीच नेली, तर तक्रार वाटते. तिच्या पोटात खरे तर दोन गोष्टी आहेत: एक प्रश्न आणि एक आश्वासन. प्रश्न असा की भरलेली रक्कम नव्या वर्षाकडे वळती होईल का. तो विचारताना ‘शंका’ या अर्थी ‘डाउट’ लिहू नये, कारण तिथे तो अविश्वास ठरतो, ‘क्वेश्चन’ लिहावे. आश्वासन मूळ मसुद्यात शब्दांत आलेच नव्हते: मला इथेच शिकायचे आहे. ते आम्ही स्पष्ट लिहिले, ‘आय रिमेन कमिटेड टु जॉइनिंग द कोर्स’. मूळात नसलेले वाक्य घालणे भाषांतरात बसते का, असा आक्षेप कोणी घेईल. ‘कळकळीची’ या शब्दात ते होते, असे माझे मत आहे.

एक माहिती तिने लिहिलीच नव्हती, ती विचारून घालावी लागली. व्हिसासाठी विद्यापीठ जो ‘कॅस’ क्रमांक देते, तो मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो. सुरुवात वर्षभराने पुढे गेली की नवा घ्यावा लागतो. तिला तो अजून मिळालेला नव्हता, म्हणून ‘कॅस अद्याप मिळालेला नाही’ हे एक वाक्य घातले, जेणेकरून कार्यालय तो घाईने काढणार नाही.

शेवटी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ काढून ‘थँक यू फॉर युअर टाइम’ ठेवले, आणि ‘आपली विश्वासू’च्या जागी ‘युअर्स सिन्सिअरली’ आले, कारण प्रवेशपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आम्हाला ठाऊक होते आणि ईमेलची सुरुवात त्याच नावाने केली होती.

आठवड्याभरात उत्तर आले. त्यात एक फॉर्म होता, अनामत रक्कम वळती होईल असे लिहिले होते, शुल्क मात्र 2026 च्या दराने लागेल अशी अट होती. त्या अटीला होकार कळवणारे दोन ओळींचे उत्तर तिने मराठी मसुदा न करता स्वतःच लिहिले आणि पाठवण्यापूर्वी फक्त तारखा मला वाचून दाखवल्या.