गोठलेल्या माणसाचं वय : कार्बन-14चं घड्याळ कसं वाचतात

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. वर्तमानपत्रात एखाद्या उत्खननाची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं : ‘कार्बन डेटिंगनुसार हे अवशेष अमुक वर्षांपूर्वीचे आहेत.’ त्या वाक्यातला आकडा नेमका कुठून येतो, हे आज एकाच माणसाच्या गोष्टीतून पाहू.

सप्टेंबर 1991मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, आल्प्समध्ये सुमारे 3210 मीटर उंचीवर, एका जर्मन दांपत्याला वितळत्या बर्फात पालथा पडलेला मृतदेह दिसला. अलीकडेच अपघातात गेलेला कुणी गिर्यारोहक असेल असं धरून त्याला काढायला हवेच्या दाबावर चालणारं यंत्र लावलं गेलं. त्यात त्याच्या कमरेजवळच्या भागाला इजा झाली. पण त्याच्याजवळ एक कुऱ्हाड होती. इन्सब्रुकचे पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी ती पाहिली आणि हा माणूस किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचं सांगितलं. हाच ओत्झी. श्पिंडलर यांचा अंदाज कुऱ्हाडीच्या घडणीवरून होता. आता प्रत्यक्ष मोजणी हवी होती.

मोजायचं काय? कार्बनचे अणू तीन वजनांचे असतात : 12, 13 आणि 14. रासायनिक वागणूक तीच, वजन वेगळं, म्हणून त्यांना समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. पहिले दोन कायम टिकतात. तिसरा टिकत नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत उंचावर न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनच्या अणूवर आदळतात आणि त्यातून कार्बन-14 तयार होतो. हवेत तो अगदी नगण्य आहे, साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. हवेतून तो झाडात जातो, झाडातून जनावरात आणि माणसात. आपण खातोपितो तोवर त्याचं प्रमाण जवळपास स्थिर राहतं. मृत्यूनंतर भर थांबते आणि फक्त गळती उरते. कार्बन-14चा अणू एक इलेक्ट्रॉन टाकून पुन्हा नायट्रोजन होतो. कोणता अणू कधी मोडेल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी अणू एकत्र घेतले तर 5730 वर्षांत निम्मे मोडतात, हे पक्कं. यालाच अर्धायुष्य म्हणतात.

म्हणून दगडाच्या मूर्तीचं वय यानं कळत नाही. दगडानं हवेतून कार्बन घेऊन कधी पोट भरलं नव्हतं. ओत्झीच्या कुऱ्हाडीचं तांबंही मोजता येत नाही. तिचा लाकडी दांडा मात्र मोजता येतो.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली, तेव्हा ते मोडणारे अणू मोजत. ओत्झीच्या बाबतीत ते परवडलं असतं का, हे जरा हिशेब करून पाहू. आजच्या सजीवातला एक ग्रॅम कार्बन घेतला तर त्यात मिनिटाला साडेतेरा-चौदा अणू मोडतात. एक मिलिग्रॅम घेतला तर दिवसाला वीसच्या आसपास. ओत्झीच्या शरीरातला बराच कार्बन-14 आधीच संपलेला, म्हणजे दिवसाला जेमतेम अकरा. अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेसाठी चाळीस हजार अणू मोडताना मोजावे लागतात. म्हणजे दहा वर्षं यंत्रापुढे बसायचं! नाहीतर त्याच्या हाडाचा मोठा तुकडा जाळायचा.

दोन्ही नको असेल तर अणू मोडण्याची वाट न पाहता थेट अणूच मोजायचे. 1970च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग सापडला. नमुना स्वच्छ करून जाळतात, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचं ग्रॅफाइट करतात, आणि त्यावर सीझियमच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करून कार्बनचे ऋण आयन उडवतात. मला या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे वाटते. नायट्रोजन-14 आणि कार्बन-14 यांचं वजन जवळजवळ सारखं, आणि नायट्रोजन सगळीकडे भरपूर, त्यामुळे हवा तो एक अणू त्या गर्दीत हरवायचा. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. तो दारातच बाद होतो. पुढे त्वरकात वेग देऊन, तेवढ्याच वजनाचे रेणू फोडून, चुंबकानं वजनांप्रमाणे वेगळे केले की कार्बन-14 एकेक करून मोजता येतो. ऑक्सफर्ड आणि झुरिक इथे ओत्झीच्या हाडाचे आणि ऊतींचे इवलेसे नमुने असेच मोजले गेले.

स्वच्छ करण्याचं काम किरकोळ समजू नका. आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल अशी धुलाई असते. हाडातून फक्त कोलॅजेन हे प्रथिन काढून घेतात. समजा ओत्झीच्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन राहून गेला, तर तो साधारण साठ वर्षांनी तरुण दिसेल. हीच एक टक्क्याची चूक चाळीस हजार वर्षांच्या नमुन्यात झाली तर फरक सात हजार वर्षांचा पडतो, कारण तिथे मूळ कार्बन-14 एक टक्काही उरलेला नसतो. एकाच वस्तूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्रयोगशाळांत देतात ते या चुका पकडण्यासाठी. मळ प्रत्येक भागाला सारखा चिकटत नाही, त्यामुळे मळ असेल तर उत्तरं फाटतात. ओत्झीच्या शरीराचं वय आणि त्याच्या साहित्यातल्या गवताचं वय जुळलं.

उत्तर आलं सुमारे 57 टक्के कार्बन-14 शिल्लक, म्हणजे 4550 ‘रेडिओकार्बन वर्षं’, 1950पासून मागे मोजलेली. हिशेबात लिबी यांचं 5568 वर्षांचं जुनं अर्धायुष्यच धरतात, जुन्या-नव्या अहवालांचा ताळा बसावा म्हणून. तो फरक पुढच्या दुरुस्तीत निघून जातो.

ही दुरुस्ती मोठी असते. घड्याळ मृत्यूच्या क्षणी किती भरलेलं होतं, ते आपण गृहीत धरलंय. पण सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतात, तसं हवेतलं कार्बन-14ही कमीजास्त होत राहतं. ओत्झीच्या काळात ते आपल्या मापापेक्षा सहा-सात टक्क्यांनी जास्त होतं. म्हणून तो आहे त्यापेक्षा तरुण दिसला. हे कळलं झाडांच्या वलयांवरून : एक वलय म्हणजे एक वर्ष. कॅलिफोर्नियातले ब्रिसलकोन पाइन, जर्मनीतले आणि आयर्लंडमधले ओक यांची वलयं एकाला एक जोडत हजारो वर्षं मागे नेली, आणि वलयांतला कार्बन-14 मोजून आलेख काढला. त्या आलेखावर 4550 ठेवलं की ओत्झीचा मृत्यू इसवीसनपूर्व 3350 ते 3100च्या दरम्यान जातो.

मोजमापातली अनिश्चितता वीस-तीस वर्षांची, आणि उत्तर अडीचशे वर्षं पसरलेलं, असं का? कारण नेमका त्या शतकांत आलेख सरळ उतरत नाही, वरखाली होतो. 4550ची आडवी रेघ त्याला अनेक ठिकाणी कापते. त्यामुळे उत्तर एक सलग पट्टा न होता तुटक तुकड्यांत येतं, आणि त्यातला खरा कोणता हे फक्त हाड पाहून ठरत नाही. यंत्र आणखी अचूक केलं तर तुकडे थोडे बारीक होतील, पण निवड होणार नाही. त्याच्यासोबत पन्नास-शंभर वलयांचं, सालीपर्यंत शाबूत असं ओंडकं असतं, तर वलयांतले चढउतार आलेखाच्या चढउतारांवर सरकवून जागा पक्की करता आली असती. हाडात अशी वलयं नसतात.