होम लोन फिटलं, पण घराचे मूळ कागद कुठे आहेत?

नमस्कार मंडळी. ही फाइल बघा. (जुनी निळी फाइल कॅमेऱ्यासमोर धरून) ही माझी नाही, आमच्या मजल्यावरच्या काकांची आहे. त्यांच्याकडून मागून आणली आहे, कारण यातल्या एका कागदापायी त्यांना बँकेकडून ७५ हजार रुपये मिळाले. कसे, ते आज सांगते.

काकांचं कर्ज वीस वर्षांचं. शेवटचा हप्ता ५ मार्चला खात्यातून गेला, काकूंनी पेढे वाटले. महिनाभर वाट बघून काका ८ एप्रिलला ब्रँचमध्ये गेले आणि म्हणाले, "माझे कागद द्या." समोरच्या मुलीने खातं उघडलं आणि म्हणाली, "काका, तुमचं लोन अजून चालू आहे. ५९० रुपये बाकी आहेत."

हे ५९० म्हणजे काय, तर कधीतरी एक हप्ता बाउन्स झाला होता. त्याचा ५०० रुपये दंड, वर १८ टक्के जीएसटी. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. काहींच्या बाबतीत व्याजदर बदलल्यामुळे शेवटी थोडी रक्कम उरते, काहींच्या बाबतीत चार दिवसांचं व्याज. रक्कम फुटकळ असते, पण ती शून्य होईपर्यंत बँकेच्या लेखी कर्ज फिटलेलं नसतं. म्हणून शेवटच्या हप्त्याच्या आधीच बँकेकडे लेखी विचारा, खातं पूर्ण बंद करायला अमुक तारखेला नेमके किती भरायचे. ते भरलेत की कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि बाकी शून्य दाखवणारा खाते उतारा घ्या.

या शून्याच्या तारखेला एवढं महत्त्व का? रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही उतरवायचा, असं त्यात आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत द्यायचे झाले, त्या सगळ्यांना हे लागू आहे. सहकारी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्याही यात आल्या.

इथे एक गंमत आहे. परिपत्रकाच्या नावात शब्द आहे 'पर्सनल लोन'. त्यामुळे काउंटरवरचा एखादा साहेब तुम्हाला सांगेल, "हे होम लोनला नाही हो." घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत व्यक्तीने घरासाठी घेतलेलं कर्जही पर्सनल लोनमध्येच येतं.

तर काकांनी ८ एप्रिललाच ५९० भरले आणि पावती घेतली. म्हणजे मुदत ८ मेपर्यंत. कागद कुठून घ्यायचे हेही त्यांनी अर्जात लिहून दिलं. आपलं खातं ज्या ब्रँचमध्ये आहे तिथून, किंवा कागद जिथे ठेवलेत त्या ऑफिसमधून, निवड आपली असते. बहुतेक बँकांचे कागद ब्रँचमध्ये नसतात, दूरच्या कुठल्यातरी गोदामात असतात, तिथून मागवावे लागतात.

२ मेला फोन आला, कागद आलेत. काका-काकू दोघं गेले, कारण कर्ज दोघांच्या नावावर होतं. सहकर्जदार परदेशात असेल तर अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र कसं लागेल ते आधी विचारून ठेवा, नाहीतर उशीर तुमच्यामुळे झाला असं होतं.

आता काउंटरवरचा प्रसंग. पाकीट समोर आलं, सोबत छापील पोच. 'सर्व मूळ कागदपत्रे मिळाली', खाली सहीची जागा. काका बँकेतून नाही, एसटीच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले. ते खुर्ची ओढून बसले आणि एकेक कागद काढू लागले. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी त्यांनी घरून आणली होती. नोंदणी झालेला करारनामा, दस्त क्रमांक जुळतोय का, पानं पूर्ण आहेत का, दुय्यम निबंधकाचा शिक्का मूळ आहे की झेरॉक्स. इंडेक्स टू. नोंदणीची पावती. बिल्डरच्या पावत्या. यादीतलं सगळं आलं.

पण शेअर सर्टिफिकेट? ते यादीतच नव्हतं. कारण कर्ज घेतलं तेव्हा सोसायटीच झाली नव्हती. ती तीन वर्षांनी रजिस्टर झाली, सर्टिफिकेट मिळालं आणि बँकेने पत्र पाठवून ते मागून घेतलं. नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलेल्या कितीतरी लोकांचं असंच असतं, आणि वीस वर्षांनी ते कुणाच्या लक्षातही नसतं. काकांकडे मात्र तेव्हाची पोच होती. ही बघा. (पिवळी पडलेली पावती दाखवत)

बँकवाले म्हणाले, "आत्ता सही करा, ते शोधून कळवतो." काकांनी सही केली, पण पोचेवर पेनाने लिहिलं, 'शेअर सर्टिफिकेट वगळता बाकी कागद मिळाले', खाली तारीख. दोन्ही प्रतींवर. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची ओळ हीच. 'सर्व मिळाले'वर सही झाली असती, तर पुढे काय सिद्ध करणार होते?

सर्टिफिकेट निघालं त्याच ब्रँचच्या कपाटात, गोदामात कधी गेलंच नव्हतं. हातात आलं २३ मेला. ८ मेनंतर १५ दिवस, दिवसाला ५,००० प्रमाणे ७५,०००. बँक म्हणाली, मुख्य कागद तर वेळेत दिले होते. काकांनी परिपत्रकातला 'सर्व' हा शब्द अधोरेखित करून लेखी तक्रार दिली. पैसे जमा झाले.

समजा ते हरवलंच असतं, तर? मग नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवायला बँकेने मदत करायची आणि खर्चही बँकेचाच. त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर सुरू होते. अशा वेळी 'कागद आमच्याकडून हरवला' हे बँकेच्या लेटरहेडवर नक्की घ्या. उद्या घर विकताना खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, मूळ कागद कुठे गहाण तर नाही ना?

बँकेने ३० दिवसांत तक्रारीला दाद दिली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फुकट. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जायचं.

कागद घरी आले तरी बोजा राहिलेला असू शकतो. सरसाई नावाची केंद्रीय नोंद आहे, तिथून बँकेनेच तो काढायचा असतो. त्याचा पुरावा मागून घ्या. सोसायटीच्या रजिस्टरमध्येही बँकेची नोंद असते, ती काढायला बँकेचं ना-हरकत पत्र सेक्रेटरीला द्या. गावाकडची जमीन तारण असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क'मध्ये बोजा दिसतो. तो आपोआप जात नाही, बँकेचं पत्र जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करावा लागतो. आणि तारण रजिस्टर दस्ताने केलं असेल, तर ते सोडवण्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे होतो.

काकांच्या सोसायटीतली नोंद अजून निघालेली नाही. सेक्रेटरी गावाला गेलेत.