ऑक्सिमीटरवर ९८, तरी धाप कशाची?

श्रोतेहो, नमस्कार.

कोरोनाच्या काळात घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. तो अजून कपाटात असेल. दवाखान्यात येणाऱ्या काही बायका मला सांगतात, "डॉक्टर, जिना चढला की धाप लागते, सकाळी उठतानाच अंग गळून गेलेलं असतं. पण मशीन लावून बघितलं, ९८ दाखवतंय. म्हणजे ऑक्सिजन तर ठीक आहे ना?" मशीन खोटं बोलत नाही. पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. आज बोलायचं आहे ते या ९८च्या आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल: शरीरात लोह कमी पडून रक्तातलं हिमोग्लोबिन घटण्याबद्दल.

ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही. रक्तातल्या नुसत्या पातळ द्रवावर भरवसा ठेवला तर १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन मावेल. त्यावर माणूस जगणार नाही. म्हणून लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. उघड्यावर पडलेल्या खिळ्यालाही ऑक्सिजन धरतो, पण तिथे गंज चढतो आणि तो ऑक्सिजन परत सुटत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह प्रथिनाच्या घडीत असं बसवलेलं असतं की ते गंजत नाही. फुप्फुसात ऑक्सिजन मुबलक असतो तिथे ते तो धरतं आणि काम करणाऱ्या स्नायूत तो कमी असतो तिथे सोडून देतं.

आता थोडा हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १४ असेल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम, तर तेवढ्या रक्तात साधारण १९ मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ते ८वर आलं तर ११च्या आत. ऑक्सिमीटर काय मोजतो? असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेलं आहे, एवढंच. आठ ग्रॅमही पूर्ण भरलेलं असू शकतं. मुळात ते आहेच किती, हे त्याला कळत नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर त्यातून ९०० मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन पुरवला जातो, ८ असेल तर सव्वापाचशेच्या आसपास. बसल्या जागी लागतो अडीचशे. म्हणून खुर्चीत बसलं की काही जाणवत नाही आणि आजार महिनोन् महिने ध्यानात येत नाही. पण हातात पिशव्या घेऊन तीन मजले चढायचे तर गरज लिटरभरावर जाते. शिवाय आणलेला सगळाच्या सगळा ऑक्सिजन स्नायूंना काढून घेता येत नाही. मग हृदय जोरात धावतं, छातीत धडधडतं, श्वास फुलतो. तरीही कमी पडलं की स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर जाळायला लागतात. त्या मार्गाने त्याच साखरेतून मिळणारी ऊर्जा फारच थोडी असते, म्हणून पिंढऱ्या भरून येतात आणि पाय उचलवत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरच्यांना पटत नाही. लोह फक्त रक्तात नसतं. स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवणाऱ्या प्रथिनात ते असतं, पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतही असतं. शरीरातला साठा आटायला लागला की हिमोग्लोबिन १२.५ असतानाही थकवा येऊ शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तू उगाच कंटाळा करतेस" असं म्हणायच्या आधी फेरिटिन ही तपासणी करावी. तीत साठ्याचा अंदाज येतो. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन फसवं वाढलेलं असतं.

साठा आटतो कसा, ते एका उदाहरणाने पाहू. पस्तिशीतली एक बाई मनात धरू, शाकाहारी, हिमोग्लोबिन ११. त्वचा आणि आतडी यांच्या झडणाऱ्या पेशींतून महिन्याला सुमारे २५ मिलिग्रॅम लोह जातं, ते सगळ्यांचंच जातं. हिला पाळीत अंगावरून जास्त जातं, समजा १०० मिलिलिटर. त्यात ११ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर ३७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. म्हणजे रोजचं नुकसान जवळपास २ मिलिग्रॅम. आता जमा बघा. रोजच्या जेवणात तिला १५ मिलिग्रॅम लोह मिळालं तरी भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह अंगी लागतं ते दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. गरज वाढली की आतडी थोडं अधिक शोषतात, पण सगळी तूट भरून निघत नाही.

त्यात जेवणावर चहा. बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन लगेच कपभर चहा घेतला की चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि ते शोषलं जात नाही. तोच चहा तास-दीड तासाने घेतला आणि भाजीवर अर्धं लिंबू पिळलं, तर चित्र बदलतं, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं. मासे-मटण खाणाऱ्यांचं काम सोपं असतं, त्यातलं लोह जास्त सहज शोषलं जातं. बीटाचं मात्र उगाच नाव झालंय. त्याचा लाल रंग लोहाचा नाही आणि त्यात लोहही थोडंच असतं.

दवाखान्यात एक प्रश्न मी हळूच विचारते: "पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, माती असं काही खावंसं वाटतं का?" बाई ओशाळते, सासूकडे बघते आणि मान हलवते. ही वाईट सवय नव्हे, लोह कमी झाल्याची खूण असू शकते. लोह भरलं की बहुतेकींची ही ओढ आपोआप जाते.

हिमोग्लोबिन ८वर आलेलं असेल तर ते नुसत्या आहाराने भरून निघत नाही, गोळ्या लागतात. शौच काळं होतं, घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, एक दिवसाआडही देता येते. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. आकडा १२ झाला की बहुतेकजणी गोळ्या सोडतात आणि तिथेच फसतात, कारण रक्त भरलेलं असतं, साठा नाही. पुढे आणखी तीनेक महिने घ्याव्या लागतात.

महिन्याभरात आकडा हललाच नाही तर कारण दुसरं असू शकतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणाऱ्या माणसाच्या लाल पेशीही लहान आणि फिक्या दिसतात, तिथे लोह देऊन उपयोग नसतो. आणि पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी सापडलं, तर आधी विचारायचं की रक्त जातंय कुठून. मूळव्याध, जठरातला व्रण, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, कधी आतड्यातली गाठ. तिथे लोहाच्या गोळ्यांबरोबरच पोटाची तपासणीही करून घ्यावी लागते.

नमस्कार.