विकलेली उधारी परत येते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे फॅक्टरिंगचा, आणि त्यातही ‘विथ रिकोर्स’ फॅक्टरिंगचा. गिऱ्हाइकाला उधारीवर माल दिला, त्याचं बिल फायनान्स कंपनीला विकून लगेच पैसे उचलले, आणि पुढे गिऱ्हाइकाने हात वर केले, तर फायनान्स कंपनी ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करणार. ही झाली रिकोर्सची अट. प्रश्न एवढाच आहे की हिशेबाच्या वहीत हे कसं लिहायचं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. आकडे मी मुद्दाम सोपे ठेवले आहेत.

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे असं धरा. तिने पुण्याच्या एका पंप बनवणाऱ्याला कास्टिंग पाठवलं. जीएसटी धरून बिल 10 लाखांचं, तारीख 1 एप्रिल, मुदत तीन महिने. फाउंड्रीने बिल फॅक्टरकडे दिलं. फॅक्टर म्हणजे ही फायनान्स कंपनी. करार असा: बिलाच्या 80 टक्के आगाऊ, उरलेले 20 टक्के गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर. सेवाशुल्क बिलाच्या एक टक्का, अधिक जीएसटी. उचललेल्या रकमेवर दरमहा एक टक्का साधं व्याज.

म्हणजे आगाऊ रक्कम झाली 8 लाख. सेवाशुल्क 10 हजार आणि त्यावर 18 टक्क्यांनी 1,800, असे 11,800 फॅक्टरने सुरुवातीलाच कापले. बँकेत पडले 7,88,200.

आता किर्दीत काय लिहायचं? पुष्कळ ठिकाणी टॅलीमध्ये सरळ गिऱ्हाइकाचं खातं 10 लाखांनी जमा करून टाकतात. करारात ‘विक्री’ लिहिलंय, मग येणं संपलं, असा हिशेब. इथेच गफलत होते. पैसे बुडाले तर फटका कोणाला बसणार? फाउंड्रीलाच. जोखीम तुमच्याकडेच राहिली असेल, तर येणंही तुमच्याच वहीत राहतं, आणि फॅक्टरकडून आलेले 8 लाख हे त्या येण्याच्या तारणावर घेतलेलं कर्ज ठरतं. इंड एएस 109 या लेखामानकाचा रोख हाच आहे. बिल कोणाच्या नावावर गेलं यापेक्षा त्यातली जोखीम आणि फायदा कोणाकडे राहिला, ते आधी बघायचं.

म्हणून नोंद अशी: बँक खाते नावे 7,88,200, फॅक्टरिंग शुल्क नावे 10 हजार, जीएसटी इनपुट क्रेडिट नावे 1,800, आणि फॅक्टरचं कर्ज खाते जमा 8 लाख. गिऱ्हाइकाच्या खात्याला हातही लावायचा नाही. तिथे 10 लाख येणं तसंच उभं राहील. दर महिनाअखेरीस व्याज खाते नावे 8 हजार आणि फॅक्टर खाते जमा 8 हजार. व्याजावर जीएसटी लागत नाही, सेवाशुल्कावर लागतो. म्हणून दोन्ही एकाच ‘बँक चार्जेस’मध्ये कोंबू नका, नाहीतर इनपुट क्रेडिट निसटतं.

सगळं सुरळीत झालं, तर जूनअखेर गिऱ्हाईक 10 लाख फॅक्टरकडे भरतं. तोपर्यंत फॅक्टरचं देणं तीन महिन्यांच्या व्याजासह 8,24,000 झालेलं असतं. ते वळतं होऊन 1,76,000 फाउंड्रीच्या बँकेत येतात. तेव्हा फॅक्टर नावे 8,24,000, बँक नावे 1,76,000, आणि गिऱ्हाईक जमा 10 लाख. बिल खऱ्या अर्थाने आज संपलं.

आता उलट बाजू. जून गेला, पैसे नाहीत. करारात महिनाभराची सवलत होती, तीही 31 जुलैला संपली. फॅक्टरचं पत्र आलं: मुद्दल 8 लाख आणि चार महिन्यांचं व्याज 32 हजार, मिळून 8,32,000 भरा. फाउंड्रीने भरले. नोंद फक्त एका ओळीची: फॅक्टर नावे, बँक जमा, 8,32,000. कर्ज फिटलं. गिऱ्हाइकाचं येणं कधी काढलंच नव्हतं, त्यामुळे परत घालायचा प्रश्नच येत नाही. बहुतेक वेळा फॅक्टर रोख मागत नाही, नव्या बिलांच्या उचलीतून कापून घेतो. तेव्हा बँकेऐवजी त्या नव्या उचलीतून वजावट दाखवा, पण उचल पूर्ण आकड्याने लिहा. हातात आलेली तुटपुंजी रक्कम तेवढी लिहिली, तर कर्ज फिटल्याचा मागच वहीत राहत नाही.

ज्यांनी सुरुवातीला विक्री म्हणून लिहिलं, त्यांना मात्र उलटी नोंद करावी लागते. त्यांनी 10 लाख गिऱ्हाइकाला जमा देऊन राखीव 20 टक्के, म्हणजे 2 लाख, फॅक्टरकडून येणे दाखवले असतील. आता गिऱ्हाईक नावे 10 लाख, फॅक्टर येणे जमा 2 लाख, फॅक्टर देणे जमा 8 लाख. आणि ही नोंद ऑगस्टच्या तारखेने पडली की एप्रिलचं थकलेलं बिल टॅलीत कोवळं दिसतं. येण्यांच्या वयाच्या यादीत ते सहज लपतं. लेखापरीक्षणाला बसल्यावर मी पहिल्यांदा हेच शोधतो: बिल क्रमांक जुना, तारीख नवी. मूळ बिलाचा संदर्भ लावूनच नोंद करा.

येणं परत आलं की विचारायचं, गिऱ्हाइकाने पैसे का दिले नाहीत? कास्टिंगमध्ये ब्लो-होल निघाले म्हणून माल नाकारला असेल, तर ती बुडीत उधारी नव्हे, मालाचा वाद आहे. माल परत घेतला किंवा किंमत कमी केली, तर क्रेडिट नोट निघते आणि मुदतीत काढली तर त्यावरचा जीएसटीही कमी होतो. पण गिऱ्हाइकाकडे पैसेच नाहीत, अशी स्थिती असेल तर संशयित येण्यासाठी तरतूद करा. त्यात विक्रीच्या वेळी भरलेला जीएसटी परत मिळत नाही, हे कडू असलं तरी तसंच आहे. फॅक्टरचं शुल्क आणि 32 हजारांचं व्याज हे खर्चच राहिले.

एक गोष्ट बँकेची. फाउंड्रीचं कॅश क्रेडिट असेल, तर दरमहा स्टॉक स्टेटमेंटमध्ये येणी दाखवून ड्रॉइंग पॉवर मिळते. फॅक्टरला दिलेलं बिल त्या यादीतून वगळलंच पाहिजे, नाहीतर एकाच बिलावर दोघांकडून पैसे उचलल्यासारखं होतं. येणं वहीत आहे म्हणून बँकेच्या यादीतही आहे, असा अर्थ नाही. पैसे भरून बिल परत घेतल्यावरही ते लगेच यादीत घालू नका. बहुतेक बँका ठरावीक दिवसांपेक्षा, अनेकदा 90 दिवसांपेक्षा, जुनी येणी ड्रॉइंग पॉवरला धरत नाहीत.

शेवटी एक कागद. बिल विकताना गिऱ्हाइकाला कळवलं होतं की पैसे फॅक्टरलाच द्या. आता 8,32,000 भरल्यावर फॅक्टरकडून बिल परत तुमच्या नावे केल्याचं पत्र घ्या आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला पाठवा. तसं केलं नाही आणि सप्टेंबरमध्ये गिऱ्हाइकाने सवयीने 3 लाख फॅक्टरच्या खात्यात टाकले, तर ते पैसे तुमचे असूनही तिथेच पडून राहतात. नोंद फॅक्टर नावे 3 लाख, गिऱ्हाईक जमा 3 लाख, आणि मग फॅक्टरकडे तगादा लावायची पाळी तुमची.